मदत हवी आहे: मासिकातल्या ठरलेल्या पात्राची चित्रं घरच्या संगणकावर करावीत की पैसे भरून क्लाउडवर?

अक्षरजुळारी

नमस्कार मंडळी. मी मिरजेत डीटीपीचं काम करतो. एका छोट्या बालमासिकाची पानं बरीच वर्षं माझ्याकडेच लागतात. त्यात दर महिन्याला सोनूची एक गोष्ट असते. दोन वेण्या, परकर-पोलकं आणि डाव्या गालावर तीळ, अशी ही सोनू. तिला घडवणारे चित्रकार काका आता थकलेत, बारीक रेघेला हात स्थिर राहत नाही. मुखपृष्ठ ते अजून स्वतःच रंगवतात, पण आतली चौदा चित्रं दर महिन्याला त्यांच्याच्याने होत नाहीत. दुसरा चित्रकार घेऊन पाहिला, तर वाचक मुलांची पत्रं आली की ही आमची सोनू नाही.

संपादकबाई आणि काका दोघांनी मिळून असं ठरवलंय की आतली चित्रं एआयने करायची, काकांनी ती तपासून दुरुस्त करायची, आणि काकांचं मानधन व नाव तसंच चालू ठेवायचं. काकांची अट एकच आहे. त्यांची मूळ चित्रं कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर चढवायची नाहीत.

माझ्याकडे बाराव्या पिढीचा आय-५ आहे, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस. ग्राफिक्स कार्ड नाही. चाळीस हजारांपर्यंत खर्च करता येईल. मोठ्यात मोठं चित्र ५ बाय ७ इंच, ३०० डीपीआय, छपाई चार रंगांत. चित्रात अक्षरं नकोत, ती मी नंतर बसवतो. दुकानदाराने आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं कार्ड तीस हजारांना सांगितलंय. घ्यावं, की क्लाउडचं एखादं वर्गणीवालं खातं काढून काकांना समजवावं?

---

हिशोबनीस

सरळ हिशोब मांडा की. चौदा चित्रं, प्रत्येकाला पस्तीस प्रयत्न धरले तर महिन्याला ४९० चित्रं काढावी लागतील. गुगलच्या जेमिनी २.५ फ्लॅश इमेजचा जाहीर झालेला दर एका चित्राला ०.०३९ डॉलर होता, म्हणजे साडेतीन रुपये धरा. झाले सतराशे. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन हजार. तीस हजारांचं कार्ड सव्वा वर्षात वसूल होतं आणि पुढे सगळं फुकट. वीज मात्र धरून चाला, ही कार्डं वीज पितात, बिल दुप्पट होईल. बाकी ओपन मॉडेल म्हणजे मोकळं रान, छापा, विका, कोणी विचारत नाही. माझं मत कार्डाला.

---

तंत्रवेल्हाळ

हिशोबनीस, दर बरोबर आहे, पण प्रयत्न तुम्ही दोन्हीकडे सारखेच धरलेत आणि तिथेच हिशोब फिरतो. क्लाउडची आताची मॉडेलं साधं वाक्य नीट समजून घेतात. "मुलगी विहिरीच्या काठावर बसली आहे, बादली तिच्या उजव्या हाताला" एवढं सांगितलं तर पाच-सात प्रयत्नांत कामाचं चित्र हाती येतं. घरी चालणाऱ्या जुन्या मॉडेलला तीस-चाळीस वेळा विचारावं लागतं. म्हणजे क्लाउडवर महिन्याला ४९० नाही, शंभरच्या आत चित्रं लागतील आणि खर्च चारशेच्या आसपास येईल. निव्वळ पैशांकडे बघितलं तर कार्ड वसूल व्हायला सहा वर्षं लागतील. तेव्हा पैसे वाचतील म्हणून कार्ड घेऊ नका.

विजेचं उलट आहे. ३०६० पूर्ण जोरात चाललं तरी १७० वॅट घेतं, सगळा संगणक धरून तीनशे. महिन्याला चाळीस तास चालवलं तरी बारा युनिट होतात. बिल दुप्पट वगैरे काही होत नाही.

कार्ड घ्यायचं खरं कारण काकांच्या अटीत आहे, आणि दुसरं कारण सोनू दर महिन्याला तीच हवी यात आहे. क्लाउडवरचं मॉडेल कंपनी तिच्या सोयीने बदलते. आज जमलेली सोनू पुढच्या दिवाळीला तशीच निघेल याची हमी नसते. घरच्या डिस्कवरची फाईल आहे तशीच राहते. तेच मॉडेल, तीच सेटिंग आणि चित्राची सुरुवात ठरवणारा तोच सीड आकडा दिला की तेच चित्र पुन्हा निघतं.

अक्षरजुळारी, तुमच्या कामाला मी स्टेबल डिफ्यूजन एक्सएल सुचवेन. २०२३ चं आहे, म्हणजे या क्षेत्रात जुनंच. पण १२ जीबीत आरामात बसतं, १०२४ पिक्सेलचं चित्र ३०६० वर अर्ध्या मिनिटाच्या आत येतं, आणि मुख्य म्हणजे त्याच कार्डावर तुम्हाला लोरा शिकवता येतो. लोरा म्हणजे मूळ मॉडेलला लावायची छोटी पुरवणी फाईल. काकांची तीस-चाळीस चित्रं दाखवून ती तयार होते, आणि मग मॉडेलला सोनू व काकांची रेघ दोन्ही ओळखता येतात. हे सगळं इंटरनेट बंद ठेवूनही होतं, त्यामुळे काकांची अट पाळली जाते.

परवान्याचं मोकळं रान नाही हो. फ्लक्स या दुसऱ्या ओपन मॉडेलचंच बघा. फ्लक्स-१ श्नेल अपाची परवान्याखाली आहे, ते कशालाही वापरा. त्याचंच भावंड फ्लक्स-१ डेव्ह मात्र बिगरव्यावसायिक परवान्याचं आहे. त्यातून निघालेल्या चित्रांसाठी वेगळं कलम आहे आणि ते कसं वाचायचं यावर लोक अजून भांडतात. छापून विकायचं असेल तर वाद नसलेलं मॉडेल घ्यावं. एक्सएलचा परवाना व्यावसायिक वापराला चालतो, त्यात निषिद्ध वापरांची यादी आहे तेवढी एकदा वाचून घ्या.

---

कोकणचा_बाबू

माझा अनुभव सांगतो. माझ्या लॅपटॉपला ८ जीबीचं कार्ड आहे आणि त्यावर फ्लक्स झकास चालतं, १२ जीबीची काही गरज नाही. एक चित्र यायला सहा-सात मिनिटं लागतात एवढंच. आमच्या होमस्टेची जाहिरात त्यावरच केली. ताई, वेळ कमी करायला काही उपाय आहे का? परवा तर वीस मिनिटं थांबलो.

---

तंत्रवेल्हाळ

बाबूदादा, ते चालत नाही, रांगतंय. फ्लक्स मुळात बारा अब्ज पॅरामीटरचं आहे, पूर्ण वजनाची फाईल चोवीस जीबीच्या घरात जाते. आठ जीबीत मावलं नाही की विंडोजवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर उरलेला भाग गुपचूप साध्या रॅममध्ये ढकलतो. एरर येत नाही, चित्रही येतं, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक चाललंय. पण कार्डावरची मेमरी आणि साधी रॅम यांच्या वेगात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ओळखायचं कसं, तर चित्र तयार होत असताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर या. तिथे डेडिकेटेड मेमरी काठोकाठ भरलेली आणि शेअर्ड मेमरी दोन-चार जीबीवर चढलेली दिसली तर समजा की मॉडेल सांडलंय. त्या वीस मिनिटांच्या वेळी ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू होता का? तोही कार्डाची मेमरी खातो. उपाय म्हणाल तर जीजीयूएफ या आकसलेल्या स्वरूपातली चार बिटांची फाईल घ्या, ती सात जीबीच्या आत असते. बारकावे थोडे जातात, पण होमस्टेच्या जाहिरातीला पुरतं.

अक्षरजुळारी, तुमच्यासाठी यातला मुद्दा हा की ८ जीबीवर नुसतं चित्र काढणं जमतं, शिकवणं फार ओढाताणीचं होतं. तुम्हाला शिकवायचंच आहे. सोबत रॅम ३२ करा आणि एसएमपीएस ५५० वॅटचा घ्या, ४५० वर भरवसा ठेवू नका.

---

रेघोटी

मी स्वतः पुस्तकांसाठी चित्रं काढते. असले धागे उघडताना पोटात गोळा येतो, पण इथे काकांना विचारलंय आणि मानधन चालू आहे, हे वाचून बरं वाटलं. तरी एक विचारते. त्या लोरा फाईलचा मालक कोण? चित्रं काकांची, संगणक तुमचा, पैसे मासिकाचे. उद्या मासिक दुसऱ्या कुणी चालवायला घेतलं आणि ती फाईल त्यांच्या हाती गेली, तर काकांच्या हाताची रेघ काका नसतानाही छापली जाईल. आज तोंडी ठरलंय ते कागदावर घ्या. फाईल कुठल्या कामाला वापरायची, कुणाकडे ठेवायची आणि काकांनंतर काय, हे तिन्ही लिहा.

---

हिशोबनीस

ताईंचा सहा वर्षांचा हिशोब पटला. मग एक मधला मार्ग सुचवतो. ताशी भाड्याने कार्ड मिळतं, तिथे एकदाच शिकवून घ्या, काम झालं की सगळं पुसून टाका. शंभर-दोनशेत होईल. कंपनी काही ती चित्रं बघत बसत नाही.

---

रेघोटी

काकांनी "कंपनीच्या सर्व्हरवर नाही" असं सांगितलंय, "कंपनीने बघितलं तर नाही" असं नव्हे. पुसायचं असलं तरी आधी चढवावं लागणारच.

---

तंत्रवेल्हाळ

भाड्याच्या कार्डावर आणि चॅटच्या खात्यात चित्र टाकणं यात फरक आहे हे खरं. भाड्याच्या ठिकाणी तुम्ही नुसतं मशीन घेता. पण ते मशीन शेवटी दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये असतं. काकांना नीट समजावून विचारल्याशिवाय मी ते करणार नाही. भाड्याचा उपयोग वेगळा आहे. काकांचं एकही चित्र न वापरता, कॉपीराइट संपलेली एखादी जुनी चित्रमाला घेऊन सगळी रीत एकदा करून बघा, म्हणजे तीस हजार घालण्याआधी हे काम आपल्याला जमतंय का ते कळेल. यंत्र बंद केलं तरी त्यावरच्या साठवणीचं भाडं चालू राहतं, ती डिस्कही काढून टाका.

---

अक्षरजुळारी

सर्वांचे आभार. रेघोटीताईंचा मुद्दा संपादकबाईंना वाचून दाखवला, मसुदा करायला घेतलाय. काकांनी भाड्याच्या मशीनलाही नको म्हटलं.

दरम्यान सांगलीत माझ्या मित्राचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्याकडे हेच १२ जीबीचं कार्ड निघालं. दोन शनिवार-रविवार तिथेच बसलो. काकांची ३६ चित्रं स्कॅन करून नेली होती, कोह्या या शिकवणीच्या प्रोग्राममध्ये लोरा शिकवला. रेघ अगदी काकांची आलीय, मित्राची आई म्हणाली, अगं बाई, ही तर सोनूच. पण दोन अडचणी आहेत. तीळ कधी डाव्या गालावर येतो, कधी उजव्या, एका चित्रात दोन्हीकडे आला. आणि काहीही सांगितलं तरी मागे नारळाचं झाड येतंच. बाजारात उभी आहे म्हटलं तरी नारळ, शाळेच्या वर्गात बसलीय म्हटलं तरी खिडकीतून नारळ. सेटिंगची फाईल मित्राचीच वापरली, त्याने ती प्रॉडक्ट फोटोंसाठी बनवली होती.

---

तंत्रवेल्हाळ

त्या सेटिंगच्या फाईलमध्ये `flip_aug` सुरू आहे का ते बघा. ते सुरू असलं की प्रत्येक चित्र आरशातल्यासारखं उलटवूनही शिकवलं जातं. डबे-बाटल्यांना चालतं, त्यांची डावी-उजवी बाजू सारखीच असते. सोनूचा तीळ मात्र निम्म्या वेळा उजव्या गालावर दिसला, मग मॉडेलने तरी काय करावं? ते बंद करून पुन्हा शिकवा.

नारळाचं उत्तर तुमच्या वर्णनांत आहे. प्रत्येक चित्राबरोबर जी मजकुराची फाईल देतो त्यात काय लिहिलंय? ढोबळ नियम असा की जे बदलतं राहायला हवं ते वर्णनात लिहायचं आणि जे सोनूला कायमचं चिकटायला हवं ते लिहायचं नाही. काकांच्या छत्तीसपैकी वीस चित्रांत मागे नारळ असेल आणि वर्णनात त्याचा उल्लेखच नसेल, तर मॉडेल नारळालाही सोनूचाच भाग समजतं. म्हणून "sonu_mul, girl sitting on a wall, coconut tree behind, evening" असं प्रत्येक चित्राचं वेगळं लिहा. नारळ, भिंत, संध्याकाळ सगळं लिहा. वेण्या, तीळ आणि परकर-पोलकं लिहू नका, ते त्या ठरलेल्या शब्दाला चिकटू द्या.

आणि शेवटचीच फाईल चांगली असं धरू नका. दर फेरीनंतर एक फाईल साठवायची सोय आहे. सगळ्यांना एकच वाक्य आणि एकच सीड देऊन चित्रं शेजारी-शेजारी लावा. आधीच्या फाईलींत सोनू अर्धवट दिसेल, मधल्यांत नीट, आणि शेवटच्यांत तिची प्रत्येक बैठक काकांच्या एखाद्या जुन्या चित्राची नक्कल वाटेल. तिथे ती जास्त शिकली असं समजा आणि दोन फायली मागे या.

---

अक्षरजुळारी

ताई, `flip_aug` सुरूच होतं. ते बंद करून आणि वर्णनं नव्याने लिहून परत शिकवलं. तीळ आता डावीकडेच येतो, नारळ सांगितला तरच येतो. मला मधल्यांपैकी सहावी फाईल सगळ्यांत बरी वाटली, काकांनीही न सांगता तीच निवडली.

आता छपाईचं विचारतो. एक्सएलमधून ८३२ बाय १२१६ चं चित्र निघतं. मला ५ बाय ७ ला १५०० बाय २१०० हवंय. मोठं करायला गेलो तर पोलक्याच्या घड्यांत बारीक-बारीक चेहरे उगवले. आणि सोनू व तिचा मित्र गण्या एकत्र मागितले की गण्यालाही वेण्या येतात.

---

तंत्रवेल्हाळ

चित्र मोठं करताना त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा त्याच वाक्यावर पुन्हा रंगवला जातो. डिनॉइज म्हणजे चित्र किती बदलू द्यायचं तो आकडा, तो जास्त ठेवला तर घडीच्या तुकड्यातही "मुलगी" शोधली जाते, म्हणून ते चेहरे. डिनॉइज ०.२५ च्या आसपास आणा आणि त्या पायरीपुरतं वाक्यातून मुलगी काढून नुसतं "ink and watercolour illustration" ठेवा. १५०० बाय २१०० म्हणजे दुपटीच्याही आत आहे, त्यामुळे अडचण यायला नको. चार रंगांत नेताना हिरवे आणि भडक निळे मरतील, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

गण्याच्या वेण्या हा खरा जुना दुखरा प्रश्न आहे. एका चित्रात दोन शिकवलेली पात्रं आली की एकमेकांत मिसळतात. भाग पाडून वेगवेगळं सांगायच्या युक्त्या आहेत, मला त्यांचा भरवसा नाही. मी आधी एकटी सोनू काढते आणि गण्याची जागा नंतर झाकून तेवढीच पुन्हा रंगवून घेते. दोघं हात धरून उभी असतील तर तेही फसतं.

पण तुमच्याकडे काका आहेत की. कंट्रोलनेट लावलं तर पेन्सिलीचं कच्चं रेखाटन देता येतं आणि मॉडेल त्याच मांडणीवर चित्र भरतं. त्यासाठी रेघ स्थिर असावी लागत नाही, आकृत्या कुठे आणि कशा आहेत एवढं कळलं तरी पुरतं. काकांनी दोन मिनिटांत केलेलं थरथरतं रेखाटन चालेल, आणि चित्राची मांडणी त्यांचीच राहील.

---

रेघोटी

हे आवडलं. करारात हेही घाला की मांडणी काकांच्या रेखाटनावरूनच होईल. मग काकांनंतर फाईलचं काय, याचं निम्मं उत्तर मिळतं. उरलेलं निम्मं त्यांच्या घरच्यांना विचारायला हवं.

---

कोकणचा_बाबू

चार बिटांची फाईल घेतली ताई. दीड मिनिटात चित्र येतंय, शेअर्ड मेमरी जागची हललीसुद्धा नाही. पण होमस्टेच्या पाटीवर मराठीत नाव लिहायला सांगितलं तर जोडाक्षरांचा चुराडा करतंय. यावर काही?

---

अक्षरजुळारी

बाबूदादा, पाटी कोरी काढा आणि अक्षरं नंतर इंकस्केपमध्ये बसवा. ते माझं रोजचं काम आहे, अडलं तर व्यनि करा.

कार्ड घ्यायचं नक्की केलंय. दोन आकृत्यांची चित्रं सध्या महिन्याला तीनच असतात, ती रेखाटनावरून करून बघू, नाही जमली तर काका म्हणाले तेवढी हाताने करतो. रॅम आणि एसएमपीएस धरून बजेट काठावर जातंय, म्हणून वापरलेलं कार्ड बघतोय. एकजण ३०६० अठरा हजारांना देतोय. काय तपासू?

---

तंत्रवेल्हाळ

पहिली गोष्ट म्हणजे ३०६० आठ जीबीचंही येतं. नाव तेच, पेटीही तशीच, आणि विकणारा मुद्दाम सांगेलच असं नाही. त्याच्याच संगणकावर लावलेलं असताना हे चालवा:

```
nvidia-smi --query-gpu=name,memory.total --format=csv
```

१२२८८ एमआयबी दिसलं तरच पुढे बोला. मग एक्सएलची चित्रं अर्धा तास सलग काढायला लावा. नुसता गेम दाखवला तर घेऊ नका, गेम नेहमी पूर्ण मेमरी भरतोच असं नाही. मेमरीचा खराब भाग काठोकाठ भरल्यावरच उघडा पडतो. तेव्हा चित्रात रंगीत चौकटी येतात, चित्र पूर्ण काळं निघतं किंवा ड्रायव्हर बंद पडून स्क्रीन क्षणभर जाते. यातलं एकदा जरी दिसलं तरी अठरा काय, आठ हजारांनाही नको. बिल आणि उरलेली वॉरंटी मागा, आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला चालते का ते त्या कंपनीच्या सेवा केंद्रात विचारून मगच पैसे द्या.